वाईला उतरा

सुरूर फाट्यावर महामार्ग सोडून वाईकडे वळताना एक मोठा फलक होता. 'दक्षिण काशी वाई नगरीत आपले सहर्ष स्वागत', खाली ढोल्या गणपतीचं देऊळ आणि दुथडी भरलेली कृष्णा. तो मीच छापला होता. माझं वाईत छपाईचं दुकान आहे. खोल्या भाड्याने देणारी तीन-चार घरं, एक खानावळवाले, एक निवृत्त शिक्षक आणि मी, असे सहा-सात जण वर्गणी काढून त्या फलकापर्यंत पोचलो होतो. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे लोक पाचगणी-महाबळेश्वरला जाताना आमच्या दारावरून जातात. त्यातले थोडे तरी एक रात्र वाईत राहावेत, एवढीच इच्छा होती.

फलक लागून सहा महिने झाले आणि खोल्यांच्या वहीत काही फरक पडला नाही. फोन यायचे ते लांबच्या सुट्टीत, 'वर सगळं फुल्ल आहे, तुमच्याकडे आहे का' असे विचारणारे. म्हणजे लोक वाईला येत नव्हते, वर जागा न मिळाल्यामुळे खाली राहत होते. हे दोन प्रकारचे पाहुणे वेगळे असतात. दुसऱ्या प्रकारचा पाहुणा रात्री अकराला येतो, सकाळी सातला निघतो आणि गावात एक रुपयाचं काही घेत नाही.

चूक कुठे झाली हे शिक्षकांनी एका बैठकीत फार सोप्या पद्धतीने दाखवलं. त्यांनी फळ्यावर आमचं वाक्य लिहिलं, 'वाई' हा शब्द पुसला आणि तिथे 'पैठण' लिहिलं. मग 'नाशिक'. मग 'कोल्हापूर'. प्रत्येक वेळी वाक्य तसंच खरं राहिलं, कारण यातल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी दक्षिण काशी म्हणतंच. आमच्यातल्या एकाने सुचवलं, 'शूटिंगचं गाव' म्हणू. ते खोटं नाही. आमचे घाट कितीतरी हिंदी सिनेमांत आलेत. पण बहुतेक सिनेमांत ते उत्तरेकडच्या कुठल्या तरी गावाचे घाट म्हणून आलेत. ते पाहून येणारा माणूस दुसरंच गाव डोक्यात घेऊन येतो. तिसरी सूचना आली की भिलारसारखं पुस्तकांचं गाव करू. भिलार आमच्याच घाटावर, पाचगणीच्या पुढे आहे, आणि 4 मे 2017 पासून तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. ते लोकांनी स्वीकारलं याचं एक कारण मला असं वाटतं की तिथे नवी इमारत बांधून तिच्यात पुस्तकं कोंडली नाहीत, राहत्या घरांच्या पडव्या-माड्या वापरल्या. ती पद्धत घेण्यासारखी होती. नाव घेण्यासारखं नव्हतं.

तेव्हा ठरलं की नवं वाक्य सुचेपर्यंत काही छापायचं नाही. आधी बघायचं की लोक इथे आत्ता काय करतात.

डिसेंबरचे चार शनिवार मी आणि खोल्यावाल्या वहिनींचा मुलगा गणपती घाटाजवळ वही घेऊन उभे राहिलो. कुणाला प्रश्न विचारून त्रास द्यायचा नाही असं ठरवलं होतं. फक्त गाडीचा क्रमांक आणि वेळ टिपायची. गाडी निघाली की पुन्हा वेळ. क्रमांकावरून माणूस कुठला ते साधारण कळतं: एमएच-12 आणि 14 म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड, 04 ठाणे, 11 म्हणजे आमचा साताराच. चौथ्या शनिवारपर्यंत चित्र पक्कं झालं. निम्म्याहून जास्त गाड्या पुण्याकडच्या, आणि बहुतेक गाड्या वीस ते चाळीस मिनिटांत निघून जात. दर्शन, समोर एक फोटो, चहा, स्वच्छतागृहाची चौकशी, की गाडी पसरणीच्या घाटाला. देवळाच्या पुढच्या बाजूला आले तसे पुढच्याच बाजूने गेले. नदीच्या पायऱ्यांवर उतरून बसणारी कुटुंबं मात्र तासभर हलत नव्हती. ती थोडी होती, पण वहीत त्यांच्या वेळा ठळक दिसत होत्या. मला तो आकडा कुठल्याही जाहिरातीपेक्षा महत्त्वाचा वाटला, कारण त्या लोकांना कुणीही बसा म्हटलेलं नव्हतं.

मग यादी केली. गावाकडे काय काय आहे याची यादी सगळीच गावं करतात आणि ती नेहमी लांबलचक होते. आम्ही प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न लिहिले. शनिवारी दुपारी चारला ते उघडं असतं का? किल्ली कुणाकडे आहे? आणि तिथे राहणाऱ्या माणसाला पाहुणा हवा आहे का? या तीन प्रश्नांत यादी भराभर गळाली. मराठी विश्वकोशाचं कार्यालय वाईत आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथे बसून ते काम उभं केलं, 1976 साली पहिला खंड आला. केवढी मोठी गोष्ट! पण सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून ते शनिवारी बंद. बावधनचं बगाड पाहायला लाखभर माणूस लोटतं, पण ते रंगपंचमीला, वर्षातून एकदा, आणि त्या दिवशी आम्हाला आणखी कुणाला बोलवायची गरजच नसते. जुने वाडे आहेत, त्यांत माणसं राहतात. एका वाड्याच्या मालकांनी आम्हाला चहा दिला, सगळा वाडा दाखवला आणि मग शांतपणे सांगितलं, 'तुम्ही घरचे म्हणून दाखवला.' तो वाडा यादीतून काढला.

शेवटी राहिली ती नदी, घाट आणि घाटांना लागून असलेल्या आळ्या. वाईत घाट आळ्यांच्या नावाने ओळखले जातात: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी. किल्ली कुणाकडेच नाही, कारण कुलूपच नाही. शनिवारी चारला उघडे, रविवारी सहाला उघडे. आणि गावातल्या लोकांचा त्यांच्यावर रोजचा वावर आहे. पाहुणे आले नाहीत तरी तिथे संध्याकाळी माणसं बसणारच आहेत. गावाचं नाव कशावर उभारायचं असेल तर ते अशाच गोष्टीवर उभारावं असं माझं मत तेव्हा झालं. पाहुण्यांसाठी म्हणून सुरू केलेली गोष्ट पहिल्या कोरड्या महिन्यात बंद पडते.

'उतरा' हा शब्द मला बसस्थानकावर मिळाला. पाचगणीच्या गाडीतला वाहक ओरडत होता, 'वाईवाले उतरा!' मी तिथेच उभा राहिलो. गाडीतून उतरायचं, घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, आणि पाहुणा कुणाकडे मुक्कामाला राहिला की आपण 'तो अमक्याकडे उतरलाय' म्हणतो. आम्हाला लोकांनी नेमक्या याच तीन गोष्टी, याच क्रमाने करायला हव्या होत्या. 'वाईला उतरा' हे मी बैठकीत म्हटलं तेव्हा शिक्षकांनी पुन्हा फळ्यावरची परीक्षा घेतली. गावाचं नाव बदललं तर? जिथे पायऱ्या आहेत, नदी आहे आणि जिथून सगळे पुढे निघून जातात, अशा गावालाच ते बसतं. अशी गावं फार नाहीत. वाक्य ठेवलं. पण ते अजून छापलं नाही. उतरलेल्या माणसाला काय मिळणार, हे आधी ठरवायचं होतं.

पाहुण्यांना घाटांवरून पायी फेरी घडवायची आणि देऊळ पाठीमागूनही दाखवायचं, ही कल्पना वहीतून आली. 1762 साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची पुढची बाजू सगळे पाहतात. मूर्ती भव्य आहे, ती पाहायलाच हवी. पण ज्याने हे देऊळ बांधलं त्याची बुद्धी मागच्या भिंतीत आहे. देऊळ नदीच्या अगदी कडेला, पुराच्या मार्गात. म्हणून मागची भिंत सरळ न ठेवता ती माशाच्या तोंडासारखी टोकदार काढली आहे. पुराचा लोंढा येतो तेव्हा त्या टोकावर तो दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो, सपाट भिंतीवर बसला असता तसा धक्का बसत नाही. हे आम्ही पहिल्यांदा एका पुण्याच्या कुटुंबाला तिथे उभं करून सांगितलं. त्यांच्याबरोबरची दहा-बारा वर्षांची मुलगी दोन्ही हात जोडून टोक करून पाण्यात धरून बघायला लागली, पाणी कसं फाटतं ते. आम्ही नंतर प्रत्येक मुलाला तेच करायला सांगितलं.

पहिली फेरी जानेवारीत काढली. सात घाट, सगळे. आमचा उत्साह होता, आम्हाला एकही आळी वगळवत नव्हती. तीन तास लागले. चौथ्या घाटापासून लोक बोलायचे थांबले, पाचव्याला एक आजोबा पायरीवर बसले ते उठेनात, सहाव्याला अंधार पडला. सात आळ्यांची नावं आमच्यासाठी सात जिवंत गोष्टी आहेत, पाहुण्यासाठी ती सातवेळा पायऱ्या आणि सातवेळा देऊळ होतं. पुढच्या शनिवारी तीनच घाट घेतले: गंगापुरी, मधली आळी आणि शेवटी गणपती आळी, म्हणजे मावळतीला देवळाच्या मागच्या भिंतीशी पोचता येतं. सव्वा तास. त्यातली वीस मिनिटं काहीही न सांगता नुसतं पायरीवर बसायचं. हा बसण्याचा वेळ कमी करायला मी अजूनही कुणाला देत नाही. बसलेला माणूसच विचारतो, 'इथे राहायची सोय आहे का?' चालणारा विचारत नाही. विश्वकोशाची गोष्टही आम्ही तिथेच बसून सांगतो, इमारत दाखवायच्या फंदात न पडता.

सगळ्यात अवघड बोलणं झालं ते मधल्या आळीतल्या एका काकूंशी. हिवाळ्याच्या अखेरीपासून आळीआळीत कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीलाच देवी मानून घाटावर मांडव घालतात, देवी बसवतात, काही दिवस पूजा, कीर्तन, हळदीकुंकू, शेवटी प्रसाद. प्रत्येक आळीचा उत्सव वेगळा आणि त्याचा मान वेगळा. आम्हाला वाटलं, यासारखं बळ दुसऱ्या कुठल्या गावाकडे आहे? तारखा टाका मोबाइलवर, लोक येतील. आणि एका वर्षी तसं केलंही. एका आळीच्या महाप्रसादाला अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पानं झाली. आळीतली माणसं शेवटच्या पंगतीला बसली तेव्हा भाजी संपलेली होती. पाहुण्यांपैकी काहींनी मांडवात चपला घालून फोटो काढले. काकू दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, 'कृष्णाबाई बघायला कुणीही येऊ दे रे, ती काय आमच्या एकट्यांची आहे? पण तू तिला दाखवायला आणू नकोस.'

मी ते वाक्य पुष्कळ दिवस घोळवलं. मग आळीतल्या लोकांबरोबर बसून काही गोष्टी ठरवल्या. उत्सवाच्या तारखा आम्ही कुठेही जाहीर करत नाही. त्या दिवसांत गावात मुक्कामाला असलेल्या पाहुण्याला घरमालक सोबत घेऊन जातो, ओटीचं सामान घेऊन, आळीतल्या इतरांसारखं. नैवेद्याच्या वेळी फेरी त्या घाटावरून जात नाही. सकाळी घाटावर आंघोळी आणि धुणं चालतं, तेव्हा फेरी काढायचीच नाही, आणि कुठल्याही वेळी माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. यामुळे आमच्या हातची सर्वांत मोठी गर्दी आम्ही सोडली. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्या दिवशी आळीतली माणसं घाटावर यायची कमी होतील, त्या दिवशी दाखवायला दगड उरतील.

फोटोची गोष्ट वेगळी, ती पूर्णपणे माझी चूक. जुन्या फलकावर पावसाळ्यातली भरलेली नदी होती. एप्रिलमध्ये आलेल्या एका जोडप्याने खोलीवाल्या वहिनींना तो फोटो दाखवून विचारलं, 'ही नदी कुठे आहे?' उन्हाळ्यात इथे पाणी कमी असतं, काही ठिकाणी ते साचतं, जलपर्णी येते, वासही येतो. गावातली माणसं पुन्हा पुन्हा नदीत उतरून साफसफाई करतात, तरी प्रश्न संपलेला नाही. अशा नदीचा 'निर्मळ कृष्णामाई' म्हणून प्रचार करणं म्हणजे येणाऱ्याला फसवणं होतं. आम्ही एकाच पायरीवर उभं राहून दर महिन्याला एक, असे बारा फोटो काढले आणि खोली विचारणाऱ्याला तो ज्या महिन्यात येणार त्याच महिन्याचा फोटो पाठवायला लागलो. मे महिन्याचा फोटो पाहून काही जण येत नाहीत. पण जे येतात त्यांची तक्रार नसते, आणि ते नोव्हेंबरमध्ये पुन्हा यायचं बोलून जातात.

दुसरी अडचण अशा ठिकाणी होती जिथे आम्ही पाहिलंच नव्हतं. मोबाइलच्या नकाशात घाटाचं ठिकाण शोधलं की तो गाडी थेट आळीच्या बोळात घालायचा. तिथे दोन दुचाकी समोरासमोर आल्या तरी एकीला मागे जावं लागतं. शनिवारी संध्याकाळी एक मोठी गाडी त्या बोळात अडकली की पुढचा तासभर आळी आमच्यावर चिडलेली. आम्ही नकाशात दुरुस्ती सुचवत राहिलो, खोल्यांच्या आणि फेरीच्या ठिकाणाची खूण गाड्या लावायच्या मोकळ्या जागेवर नेली, आणि खोली घेणाऱ्याला त्या जागेचाच दुवा पाठवायला लागलो. तिथून घाटापर्यंत जमिनीलगत छोटे दगडी बाण बसवले. फलकापेक्षा त्या बाणांवर कमी पैसे गेले आणि उपयोग कितीतरी जास्त झाला.

फेब्रुवारीत एक भर पडली, तीही न ठरवता. या भागात हळद होते. जानेवारी ते मार्चमध्ये ती काढतात, शिजवतात, वाळवतात. फेरीतल्या एका पाहुण्याने विचारलं की गावात पिवळा वास कसला येतोय? त्याने 'पिवळा वास' म्हटलं हे मला फार आवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे नेलं. वाफेवर हळकुंडं शिजत होती. शेतकऱ्याने काडी टोचून दाखवली: सहज आत गेली की शिजली. मग उन्हात दहा-पंधरा दिवस, वाजवल्यावर खणखणीत आवाज येईपर्यंत, आणि शेवटी पिंपात फिरवून पॉलिश. पाहुण्याने निघताना दोन किलो हळद घेतली. आता त्या तीन महिन्यांत रविवारी सकाळी हळद असते, शेतकऱ्याला सोयीचं असेल तर. एप्रिलनंतर कुणी विचारलं तर आम्ही नाही म्हणतो. साठवलेली हळद पिंपात घालून पुन्हा फिरवून दाखवा, असं एकाने सुचवलं होतं. शेतकरीच नको म्हणाला.

वाक्य शेवटी छापलं ते दोन हंगाम झाल्यावर. सुरूर फाट्यावर तोच आकार, आता फक्त दोन शब्द आणि पायऱ्यांचा डिसेंबरमधला फोटो, पाणी आहे तेवढंच. डिसेंबरात पुन्हा चार शनिवार वही घेऊन उभा राहिलो. गाड्यांची संख्या आधीइतकीच होती. पण दोन तासांपेक्षा जास्त थांबलेल्या गाड्या पूर्वी एका पानाच्या कोपऱ्यात मावत, आता त्यांना वेगळं पान लागलं. खानावळवाले शनिवारी रात्री पिठलं-भाकरीची वीसेक ताटं जास्त धरतात. खोल्या अजून सगळ्या भरत नाहीत, आणि आमच्यातल्या दोन घरांनी कंटाळून काम सोडलं, त्यांना फळ लवकर हवं होतं आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. फेरी नेणारी माणसं तीनच आहेत. दोघांना सर्दी झाली तर शनिवार रिकामा जातो. गावातल्या मुलांना शिकवतोय, त्यातली एक मुलगी भिंतीची गोष्ट माझ्यापेक्षा चांगली सांगते.

जुलैत पाऊस लागला की धरणातून पाणी सुटतं आणि खालच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. गेल्या पावसाळ्यात पाणी देवळाच्या मागच्या भिंतीला लागलं. आम्ही काही जण पुलावरून ते बघत होतो: टोकाशी पाणी फुटत होतं, दोन बाजूंनी वळत होतं, अगदी त्या मुलीने हाताने करून पाहिलं तसं. त्या संध्याकाळी येणाऱ्या तीन पाहुण्यांना मी दुकानातूनच निरोप पाठवला. घाट पाण्याखाली आहेत, या आठवड्यात उतरू नका. पाणी ओसरलं की पहिला फोटो तुम्हाला पाठवतो.